चाचांचा एक शेअर

कंपनी सेक्रेटरी म्हणजे काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबांची पत्रं टाइप करणारा, इतपत त्यांची समजूत होती आणि कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीचंही साधारण तेच मत होतं. मला मात्र आपण कायद्याचे पंडित आहोत असं वाटायचं. कंपनी कायद्याचं एकशे शहाऐंशीवं कलम मला पाठ होतं. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला कर्ज द्यायचं, तिच्यात पैसे गुंतवायचे किंवा तिच्यासाठी बँकेला हमी द्यायची, तर किती आणि कुणाला विचारून, हे त्यात आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी ते समजावून सांगत असे. हळूहळू पंगतीत माझ्या शेजारचं पान रिकामं राहू लागलं.

आमची कंपनी पंप बनवायची. एकाच कुटुंबाची, शेअर बाजारात नसलेली. अध्यक्ष तापट, पण माणूस वाईट नव्हता. त्यांना एकच व्यसन, कंपनीचे पैसे इकडच्या तिकडच्या कंपन्यांत गुंतवायचे. कायद्याने त्याला मर्यादा आहे. वसूल भांडवल, मुक्त राखीव निधी आणि शेअर प्रीमियम यांच्या बेरजेचे साठ टक्के, किंवा नुसता मुक्त राखीव निधी आणि प्रीमियम पूर्णच्या पूर्ण, यांतलं जे जास्त असेल ते. कर्जं, हम्या, गुंतवणुका, सगळ्यांची बेरीज त्याच्या आत हवी. बाहेर जायचं असेल तर आधी भागधारकांची सभा बोलवून विशेष ठराव करायचा, म्हणजे तीन चतुर्थांश मतं. आमची बेरीज त्या वर्षी मर्यादेच्या उंबऱ्यावर येऊन उभी होती.

मार्केट यार्डाजवळ आमची एक उपकंपनी होती. वजनकाट्यांचा जुना कारखाना. तो ज्यांनी उभा केला त्यांना सगळे चाचा म्हणत. गुळाच्या आणि भुसाराच्या गाळ्यांमध्ये निम्मे काटे त्यांच्या हातचे. वय झालं, मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला, म्हणून त्यांनी कारखाना आमच्या कंपनीला विकला होता. हा व्यवहार मी नोकरीला लागण्याआधीचा.

तर या उपकंपनीला इलेक्ट्रॉनिक काट्यांसाठी नवी यंत्रं घ्यायची होती. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आमच्या कंपनीची हमी मागत होती. ती दिली की आमची मर्यादा ओलांडली जाणार. अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं, "सभा घ्यावी लागणार का हो? म्हणजे ताईला विचारणं आलं."

ताई म्हणजे त्यांची बहीण. विश्रांतवाडीला राहायची, बरेच शेअर बाळगून होती आणि भावाशी बोलत नव्हती.

मी छाती पुढे काढून सांगितलं, "अजिबात नाही. पूर्ण मालकीच्या उपकंपनीसाठी हमी दिली तर विशेष ठरावाची गरज नसते. तशी सवलत आहे."

"पूर्ण मालकीची आहे ना?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

संचालक मंडळाची सभा झाली. हजर असलेल्या सगळ्या संचालकांची संमती लागते, एकानेही मान हलवून नाही म्हटलं तरी ठराव बारगळतो, हेही मी त्यांना न विचारता समजावलं. सगळे हो म्हणाले, बहुधा मी थांबावं म्हणून. मग मी बँकेला स्वतःच्या सहीचा दाखला दिला, की उपकंपनी पूर्ण मालकीची आहे आणि विशेष ठरावाची आवश्यकता नाही. सही जरा मोठीच केली होती.

बँकेच्या वकिलाने सभासदांची नोंदवही पाहिली आणि एक कागद मागितला. उपकंपनीचे सगळे शेअर आमच्या कंपनीच्या नावावर होते, फक्त एक सोडून. तो एक चाचांच्या नावावर होता. मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. खाजगी कंपनीला निदान दोन सभासद लागतात, म्हणून एखादा शेअर कुणाच्या तरी नावावर नुसता ठेवतात. खरा मालक मोठी कंपनीच असते. अशा नामधारी माणसाचं घोषणापत्र फाइलमध्ये असावं लागतं. आमच्या फाइलमध्ये ते नव्हतं. राहिलं असेल, असं म्हणून मी नवीन तयार केलं आणि चाचांची सही आणायला स्कूटर काढली.

चाचा मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत राहायचे. बाहेरच्या खोलीत टेबलावर एक छोटा तराजू उघडून बसले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. सही मागितल्यावर कागद वाचणारी माणसं मला तेव्हा फारशी भेटली नव्हती.

"साहेब, यात लिहिलंय की हा शेअर माझा नाही."

"हो चाचा. नुसती औपचारिकता आहे."

"अहो, पण तो माझाच आहे."

मी हसून त्यांना नामधारी सभासद म्हणजे काय ते सांगू लागलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आत जाऊन विक्रीचा मूळ करार आणला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. एक शेअर विकणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या मालकीचा म्हणून राहील. खाली आमच्या अध्यक्षांची सही होती.

"सगळं देऊन टाकायला जीव होईना," चाचा म्हणाले. "म्हटलं, एक तरी राहू दे. तुमचे साहेब हो म्हणाले."

हजारो शेअरांपैकी एकाचा मालक माझ्यासमोर तराजू पुसत बसला होता, आणि तेवढ्याने पूर्ण मालकी संपत होती. सवलत गेली, दाखला खोटा ठरला.

तेवढ्यावर भागलं असतं तरी बरं. चाचांनी सहज विचारलं, "शेअर माझा असला तर मला सभेला बोलवायला नको का? एकदाही पत्र नाही आलं."

दरवर्षी त्या उपकंपनीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मीच लिहीत होतो. सभेला दोन सभासद लागतात. नामधारी माणसाला कशाला त्रास, म्हणून मी ते बसल्या जागी लिहून टाकायचो. चाचांचं नाव आणि पुढे 'हजर'. हे मी त्यांना सांगितलं. खोटं बोलायचं सुचलं नाही, एवढंच त्याचं श्रेय.

"म्हणजे मी येत होतो?"

"कागदावर."

"काय बोललो मी?"

"तुम्ही ठरावांना अनुमोदन दिलंत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग चांगला सभासद आहे म्हणायचा मी," चाचा म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

चहा येईपर्यंत मी अडचण सांगून टाकली. बँकेचं मंजुरीपत्र पंधरा दिवसांत संपतंय, हमी नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर यंत्रं नाहीत, आणि कारखान्यात अजून त्यांनी शिकवलेली माणसं कामाला आहेत. चाचांनी घोषणापत्र पुन्हा ओढून घेतलं.

"द्या पेन. माझ्या एका शेअरपायी त्यांचं काम अडायला नको. लिहून देतो, माझा नाही म्हणून."

मी पेन दिलं. हे मी लपवत नाही, पेन मीच दिलं. त्यांनी ते कागदाला टेकवलं. त्याच वेळी माझं लक्ष टेबलावरच्या करारावर गेलं. अध्यक्षांची ठसठशीत सही आणि दोन साक्षीदार. हा कागद या घरात आहे आणि उद्या कुणालाही सापडू शकतो. खोटं घोषणापत्र करून घेतल्याबद्दल काय होतं ते कलमही मला पाठ होतं. मी त्यांच्या हाताखालून कागद काढून घेतला. घाईत चहा सांडला.

"नको चाचा," मी म्हणालो. "शेअर तुमचा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावून ते मला परत दिलं.

अध्यक्ष माझ्यावर जे ओरडले ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. "एक शेअर? विकत घ्या तो! सांगतील ती किंमत द्या!" मी म्हटलं, तो त्यांनी तुमच्याकडून मागून घेतलाय, करारावर तुमची सही आहे. त्यावर ते खुर्चीत बसले. त्यांनाही आठवलं असावं. बँकेला दिलेला दाखला मागे घेतल्याचं पत्र मी त्याच दिवशी पाठवलं. या वेळी सही बारीक झाली.

आता सभा घेणं भाग होतं. एकवीस दिवसांची नोटीस द्यायला वेळ नव्हता. कमी मुदतीत घ्यायची तर पंच्याण्णव टक्के भांडवलाची संमती लागते, म्हणजे ताईंशिवाय गत्यंतर नाही. मी विश्रांतवाडीला गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"त्याला मत हवं असलं की मला बहीण करतो," त्या म्हणाल्या.

मी एकशे शहाऐंशी सुरू केलं.

"ते राहू द्या. तुमची चूक आहे की त्याची?"

"माझी."

"मग आणा कागद. त्याची असती तर सही दिली नसती."

सभा झाली, विशेष ठराव पुरेशा मतांनी संमत झाला, मग हमी दिली आणि मंजुरीपत्राची मुदत संपायच्या आत कर्ज मिळालं. उपकंपनीच्या जुन्या सभांचं निस्तरायला पुढे बराच काळ गेला आणि दंडही भरावा लागला. त्याबद्दल अध्यक्षांनी मला जे ऐकवलं ते योग्यच होतं.

काम झाल्याचं सांगायला मी चाचांकडे गेलो. खरं तर कौतुक ऐकायला गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकलं, ताईंचा किस्सा ऐकून हसले. मग म्हणाले, "मी सही करत होतो. केली असती तर तुमची एवढी धावपळ वाचली असती."

"हो."

"कुणाला कळलंही नसतं. सुनेला मी त्याच दिवशी सांगितलं, माझा हक्क जाऊ नये म्हणून या माणसाने स्वतःच्या नोकरीवर बेतू दिलं. असं कोण करतं, साहेब?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मी तुरुंगाला घाबरलो होतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, आणि मला तो सोडवेना.

"तुमचा शेअर होता ना, चाचा," मी म्हणालो.

बँकेला दिलेला खोटा दाखला मी एका दिवसात मागे घेतला. चाचांना दिलेला हा, ते होते तोवर, मला मागे घेता आला नाही.