जयपूरला उजेडी पोहोचण्याचा माझा हिशेब

बाळांनो, राजधानीत, आर. के. पुरमला राहत असताना एकदा हिवाळ्यात, धुकं निवळल्यावर, आम्ही चार जोडपी मोटरसायकलींवर जयपूरला निघालो. तिथे माझी ताई सगळ्यांसाठी स्वयंपाक करून वाट बघणार होती. अंधारात ट्रकांच्या गर्दीत गाडी चालवायची नाही, एवढं पक्कं होतं. नियोजन अर्थात माझ्याकडे. मी अंतराला ताशी साठने भागलं आणि ताईला कळवून टाकलं, "दिवेलागणीच्या आत येतो."

मधल्या ढाब्यांवर सगळ्यांनी एकत्र व्हायचं होतं. दर वेळी बाकीचे आधीच खाटांवर बसलेले असत. आम्ही पोहोचलो की ते हेल्मेट घेऊन उठत. मी म्हणे, "अहो, पाठ तरी टेकू द्या." मग सगळे पुन्हा बसत आणि पुन्हा चहा येई.

निम्म्या वाटेवर, बहरोडला ऊन कलू लागलं, तेव्हा मी शेजारच्या भावजींना झापलं. "तुमचे चहा आवरा. उशीर होतोय."

"वहिनी, चहा तुमची वाट बघताना होतो. आम्ही कितीही पळवली तरी पुढचा प्रवास तुम्ही आल्यावरच."

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? काटा चाळिसावर गेला की पाठीत बुक्के कोण मारतं?"

भावजींनी आमची गाडी सर्वांत पुढे ठेवली आणि थांबे रद्द केले. तरी उजेड असेतो जयपूरच्या बरीच अलीकडची कोटपुतळीच गाठता आली. एसटीडी बूथवरून मी ताईला सांगितलं, जेवायला आता उद्याच येतो.

"गाडी बिघडली का गं?"

"नाही," मी म्हणाले, "मी मागे बसलेय."