सहा रोज्यांची तारीख

जुलेखाआपांना खुर्चीत नीट बसलेलं नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. बसल्या तरी खुर्चीच्या काठावर, पिशवी मांडीवर, एक चप्पल पायात आणि दुसरी अर्धी काढलेली. आपला प्रवेश कधीही येईल म्हणून विंगेत तयार उभ्या राहणाऱ्या नटीसारख्या. सोळा वर्षं त्या वस्तीच्या आशाताई होत्या. कुणाला दिवस गेले, कुणाचं इंजेक्शन राहिलं, कुठली सून माहेरी मालेगावला गेली आणि कधी परतणार, हे सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं.

अशा बाईला गेला आठवडाभर वस्तीतल्या दवाखान्यात, टाइपिंग करणाऱ्या वेदिकाच्या टेबलाशी बसवून ठेवलं होतं. हुकूम निघाला होता की प्रत्येक गरोदर बाईचं हाताने लिहिलेलं कार्ड कॉम्प्युटरमध्ये चढवायचं, आणि यापुढे मोठ्या दवाखान्यात पाठवताना बाईबरोबर छापील नोंद द्यायची. कार्डं घामाने, तेलाने, पावसाने मऊ पडलेली, त्यावर तीन-चार हातांची अक्षरं. ती वाचायला आपाच हव्यात. आपांनी वाचायचं, वेदिकाने टाइप करायचं. एका तपासणीची एक ओळ: तारीख, आठवडा, वजन, रक्तदाब, टेपने मोजलेली पोटाची उंची, बाळाचे ठोके, पायावर सूज. खाली रक्त-लघवीच्या तपासण्या, प्रत्येकीपुढे तिची तारीख.

भांडण व्हायचं ते कोऱ्या जागांवरून.

"इथे लघवीची तपासणी लिहिलेली नाही," वेदिका म्हणायची.

"अगं, चांगली होती. मला आठवतंय. लिही नॉर्मल."

"आपा, कोरं ते कोरं. मी 'नोंद नाही' टाकणार."

तेवीस वर्षांची पोरगी, पण कागदाच्या बाबतीत सासूसारखी. आपा पुटपुटायच्या, उठायच्या, खिडकीपर्यंत जाऊन यायच्या आणि पुन्हा काठावर टेकायच्या.

त्या गुरुवारी, डिसेंबरच्या चार तारखेला, पहिलं कार्ड निघालं खुशनुमाचं. घाईचं होतं. दिवस उलटून गेले तरी कळा नाहीत, आणि बाळही बारीक वाटतं, म्हणून डॉक्टर मॅडमनी तिला उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं होतं. तिथे औषध देऊन कळा सुरू करणार होते. गाडी आठला येणार होती आणि नोंद आज छापून हवी होती.

"शेवटच्या पाळीची तारीख?"

"वीस फेब्रुवारी," आपांनी वाचलं, आणि अर्धी काढलेली चप्पल पायात घातली.

तारीख पडताच मशीनने आपोआप आठवडे मोजले. मग आपा एकेक ओळ वाचत गेल्या. वजन चव्वेचाळीस, मग सेहेचाळीस, मग अठ्ठेचाळीस, बाईचं वजन तर छान वाढत होतं. रक्तदाब कुठेच चढलेला नाही. ठोके चांगले. पण पोटाची उंची साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर भरायला हवी, आणि ती टाकली की त्या चौकटीपुढे लाल खूण उमटायची. सव्विसाव्या आठवड्याला बावीस सेंटिमीटर. तिसाव्याला सव्वीस. चौतिसाव्याला तीस. अडतिसाव्याला चौतीस. चाळिसाव्याला छत्तीस.

"बाळ वाढतच नाहीये की," वेदिका हळूच म्हणाली.

आपा पडद्याकडे बघत राहिल्या. कार्डावर हे आकडे वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेले होते, त्यामुळे कधी एकमेकांशेजारी उभे राहिले नव्हते. आता रांगेत उभे होते. चार कमी. चार कमी. पाचही वेळा चारच. पोटात पोर सुकत असेल तर फरक दर महिन्याला वाढत जातो, हे आपांनी सोळा वर्षांत पुष्कळदा पाहिलं होतं. हे पोर सुकत नव्हतं. दर महिन्याला जितकं वाढायचं तितकंच वाढत होतं. फक्त चार आठवडे मागून चालत होतं.

म्हणजे बाळाचं काही चुकलेलं नव्हतं, तारीख चुकली होती. आणि ती तारीख आपांच्या अक्षरात होती.

त्यांना मे महिन्यातलं शिबिर आठवलं. गल्लीत मांडव, बाकावर बायका. नर्सबाई लसी देण्यात गुंतलेल्या, म्हणून कार्डाचा वरचा भाग आपाच भरत होत्या. खुशनुमाला सासू नाही, नवरा उमर ट्रक घेऊन महिना-महिना बाहेर. तिला घेऊन आले होते सासरे रहेमानभाई. हातात पाण्याची बाटली घेऊन सुनेच्या अगदी शेजारी उभे. आपांनी शेवटची तारीख विचारली तशी पोरीने मान खाली घातली. रहेमानभाईच बोलले, सगळे रोजे धरले तिने, तेव्हा रमजानच्या आधीचंच असेल. पाळीत रोजा धरत नाहीत, हा त्यांचा हिशेब. पोरीने मान हलवली. आपांना त्या मान हलवण्यात काहीतरी खोट दिसली होती. सासऱ्यासमोर कुठली सून बोलणार? पण मागे दहा बायका ताटकळत होत्या. रमजान दोन मार्चला लागला होता, म्हणून त्यांनी अंदाजाने वीस फेब्रुवारी लिहिली, मनात म्हटलं की नंतर एकटीला विचारू. पुढे ते राहूनच गेलं.

"सोनोग्राफी?" वेदिका विचारत होती. "कधी केली, तेव्हा किती आठवड्यांचं बाळ होतं?"

कार्डावर नर्सबाईंचा एकच शब्द होता: नॉर्मल. माहेरी मालेगावला केली होती, कागद तिथेच राहिला होता.

"छापू नको," आपा म्हणाल्या. त्या उठून उभ्या होत्या. "मी येईपर्यंत छापू नको."

"आपा, मॅडम एकला निघतात."

आपा तोवर दाराबाहेर होत्या.

तीन गल्ल्या. एरवी या वाटेवर त्यांना दहा जणी थांबवायच्या, आज कुणाकडे बघायलाही सवड नव्हती. डोक्यात एकच चाललं होतं. चार आठवडे कच्चं मूल उद्या जबरदस्तीने बाहेर काढतील, त्याला श्वास जड जाईल, काचेच्या पेटीत ठेवतील, आणि पोरगी म्हणेल, नशीब. तिला कुणी सांगणारही नाही की नशीब नव्हतं, आपांचं पेन होतं.

रहेमानभाई दारातच मशीनवर रिक्षाचं सीटकव्हर शिवत होते. आत बांधून ठेवलेलं बोचकं दिसत होतं, उद्याच्या भरतीची तयारी. आपांना धाप लागली होती. सात महिन्यांपूर्वी जे करायला हवं होतं ते त्यांनी आत्ता केलं.

"रहेमानभाई, जरा नाक्यापर्यंत जाऊन या."

"काय आणू?"

"काही नको. नुसते जाऊन या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि टोपी सारखी करत निघून गेले. आपांनी दार लोटलं. खुशनुमा खाटेवर बसली होती. आपांनी पाळीचं नावही काढलं नाही.

"बेटी, मागच्या रमजानचे तुझे किती रोजे बाकी आहेत?"

"छह," पोरगी एका श्वासात म्हणाली. "बीस से पच्चीस."

जरा थांबून ती मऊ आवाजात सांगू लागली. सुटलेले रोजे नंतर फेडायचे असतात, म्हणून प्रत्येक बाई ते मोजून ठेवते. पण लगेच दिवस गेले, म्हणून तिचे राहून गेले. ते सहा दिवस ती सासऱ्यांबरोबर पहाटे सहरीला उठत होती, संध्याकाळी इफ्तारला बसत होती, दुपारी दाराआड गुपचूप पोळी खात होती. कुणाला कळू दिलं नव्हतं.

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंस?"

"अब्बा खडे थे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि तुम्ही लिहिलं, तर बरोबरच असेल ना."

या वाक्यावर आपा खाटेच्या काठावर टेकल्या. क्षणभरच. मग मालेगावला फोन लावला. खुशनुमाच्या अम्मीने कपाट उपसलं. पहिला फोटो उलटा आला, दुसऱ्यात अम्मीचा अंगठाच जास्त होता, तिसरा नीट. दहा जुलै. सोळा आठवडे एक दिवस. खाली डॉक्टरांची ओळ, बाळाचे अवयव तपासायला चार आठवड्यांनी पुन्हा यावे. तोवर पोरगी नाशिकला परतली होती आणि ती ओळ इथे कुणी वाचलीच नव्हती.

पावणेएकला आपा दवाखान्यात परतल्या. मॅडमच्या हातात पर्स होती. आपांनी मोबाईल समोर धरला आणि मधलं काही न गाळता सांगितलं: मांडव, सासरे, दहा बायकांची रांग, अंदाज.

मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली. मग त्यांनी वेदिकाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर विसावा रोजा काढायला सांगितला. एकवीस मार्च. त्या तारखेने दहा जुलैला पंधरा आठवडे सहा दिवस होत होते. सोनोग्राफी सांगत होती सोळा आठवडे एक दिवस.

"दोनच दिवसांचा फरक. हिची आठवण पक्की आहे," मॅडम म्हणाल्या. "कार्डाच्या हिशेबाने तेव्हा वीस आठवडे व्हायला हवे होते. नुसत्या आठवणीवर मी तारीख बदलली नसती, पण हा कागद आहे. आज छत्तीस आठवडे सहा दिवस. आणि मी उद्या कळा सुरू करायला पाठवत होते."

त्या आपांना बोलल्या, चांगल्याच बोलल्या. आपांनी ऐकून घेतलं. मग मॅडमनी मोठ्या दवाखान्यात फोन करून भरती थांबवली, बाळाची वाढ बघायला उद्या नवी सोनोग्राफी आणि पुढे दर आठवड्याला तपासणी सांगितली.

वेदिकाने तारीख बदलली. आठवड्यांचा रकाना सरसर खाली आला, बावीस, सव्वीस, तीस, चौतीस, छत्तीस, आणि लाल खुणा एकेक करून विझल्या. जुनी तारीख मात्र पुसली गेली नाही. मशीन ती बाजूला जपून ठेवत होतं, आणि का बदलली ते विचारत होतं.

"काय लिहू? 'लिहिताना चूक' टाकते. नाव नाही टाकत."

"कोरं ते कोरं ना?" आपा म्हणाल्या. "मग लिहिलेलं ते लिहिलेलं. टाक: सासऱ्यांसमोर विचारलं, उत्तर मिळालं नाही, अंदाजाने लिहिलं. जुलेखा शेख, आशा."

वेदिकाने टाइप केलं. या खेपेला ती वाद घालायला गेली नाही.

तेवढ्यात दारात रहेमानभाई. नाक्यावरून परतल्यावर सुनेने भरती बहुतेक टळेल असं सांगितलं होतं, पण कारण सांगायला ती लाजली, म्हणून ते इथवर आले होते. आपांनी शब्द जपून वापरले. तारीख चुकली होती, तुम्ही शेजारी होतात म्हणून मी नीट विचारलं नाही. म्हाताऱ्याने टोपी सारखी केली.

"आज जा म्हणालात, तर गेलो ना मी?" ते म्हणाले. "तेव्हाही गेलो असतो, आपा. मला वाटलं, ऊन आहे, पोरीला पाणी लागेल."

ते गेल्यावर आपांनी टेबलावरचा कार्डांचा गठ्ठा ओढला आणि प्रत्येकाची फक्त पहिली ओळ वाचू लागल्या. एक तारीख. दहा. पंधरा. वीस. बायकांना काय अशा ठोकळ तारखांनाच पाळी येते? कुणाच्या शेजारी नवरा उभा होता, कुणाच्या शेजारी सासू, त्यांना एकेक चेहरा दिसत गेला. अकरा कार्डं वेगळी निघाली.

"आपा, जेवा तरी," वेदिका म्हणाली. "डबा उघडलाय मी."

"या अकरा छापू नकोस," आपा म्हणाल्या, आणि कार्डं पिशवीत टाकून दुसरी चप्पल पायाने शोधू लागल्या.