कोऱ्या सोडलेल्या ओळी

डिलाईल रोडच्या वृंदा तोडणकरांनी एकवीस वर्षं झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे बायोडेटा टाइप केले. दुकान बंद झालं, तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचा केला. सवयीने त्यात फोटो लावला, जन्मतारीख घातली, 'घटस्फोटित' असंही लिहिलं. तीस ठिकाणी पाठवला. एकही फोन आला नाही.

भाची आकांक्षा एका कंपनीत नोकरभरतीचं काम बघते. तिने हे सगळं काढून टाकलं. "मावशी, कामाशी याचा काय संबंध? बारावीचं सालही नको, त्यावरून वय कळतं. तुला काय येतं ते वर लिही."

आठवड्याभरात परळच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. टायपिंगची परीक्षा वृंदाताईंनी सगळ्यांच्या आधी आणि बिनचूक संपवली. साहेबांनी बायोडेटाचा कागद पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"वय काय तुमचं? मिस्टर काय करतात?"

त्यांनी खरं ते सांगितलं.

"कळवतो," साहेब म्हणाले. कळवलं नाही.

"निदान आतपर्यंत तरी पोचलीस," आकांक्षा म्हणाली.

"हो ना. आधी न बघताच नको म्हणायचे, आता बघून म्हणाले."

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच कागद आणखी पाच ठिकाणी पाठवला.