शून्य आणि रिकामा खण

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या भिवंडीतल्या शाळेत चार कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर माझी मिजासही आली. मी गणिताचा मास्तर. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण उरकून आलो होतो आणि स्टाफरूममध्ये उगाच भाव खात होतो. मुलांना सूत्रं शिकवायला खोटे आकडे कशाला, म्हणून मी नववीच्या सहामाहीचे खरे गुणच भरले. पहिल्या रांगेत शीर्षकं, ए स्तंभात नावं, बी ते जी सहा विषय, एच मध्ये सरासरी.

गुणपत्रकात परीक्षेला न बसलेल्या मुलापुढे लाल शाईनं ‘गै.’ लिहायची आमची रीत. मशीनला आकडे लागतात, रिकामा खण वाईट दिसतो, असं माझ्या डोक्यात बसलेलं. एकच ‘गै.’ होता. तिथे मी शून्य टाकलं.

तो खण होता वज्रेश्वरीकडच्या एका पाड्यावरून आलेल्या मुलीचा. घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. भिवंडीतच मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिथली जागा टिकवायची तर सहामाहीत सरासरी पन्नास हवी, आणि हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी तिची आई सरकारी दवाखान्यात होती. हेडसरांनी रजा मंजूर केली होती, आणि मंजूर रजेचा पेपर सरासरीत धरायचा नाही असा आमच्या शाळेचा नियम होता. मला तो पाठ होता.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट, त्यावर आवाज चढवून मी सांगत होतो: आधी बरोबरचं चिन्ह, मग ॲव्हरेज, मग कंसात बी-दोन ते जी-दोन. एंटर दाबलं, पहिल्याची सरासरी आली. सूत्र खाली ओढलं तशी दोनाचे तीन, तिनाचे चार होत गेले आणि एच स्तंभ भरत गेला. पोरं हरखून बघत होती. मीही हरखलो होतो, खोटं कशाला बोलू.

ती मुलगी पडद्याजवळ आली. तिच्या ओळीत अठ्ठावन्न, बावन्न, एकसष्ट, एकोणपन्नास, शून्य, पंचावन्न. शेवटी पंचेचाळीस पूर्णांक त्र्याऐंशी.

“सर, माजं पंचेचाळीसच हाय?”

“मशीन चुकत नाही,” मी म्हणालो. ओळीकडे मान वळवूनही पाहिलं नाही. घंटा झाली होती आणि मला कपाटाला कुलूप लावायचं होतं.

सुट्टीनंतर ती आली नाही. निकालपत्रक करायला बसलो तेव्हा गुणपत्रकातला तो लाल ‘गै.’ दिसला. शून्य पुसून खण रिकामा ठेवला. ॲव्हरेज रिकामा खण मोजतच नाही, बेरीज तीच दोनशे पंचाहत्तर, फक्त सहाऐवजी पाचाने भागली. पंचावन्न. एवढंच करायचं होतं. वसतिगृहात धावलो, तर बाईंनी सांगितलं की मुलगी सुट्टीला जातानाच ट्रंक घेऊन गेली, सरासरी भरत नाही म्हणाली. शाळा उघडल्यावर दोन दिवस वाट पाहून त्यांनी जागा दुसऱ्या मुलीला दिली होती.

पाड्यावरच्या घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, सगळी खारबावकडे वीटभट्टीवर गेली.

भट्टीवर ती डोक्यावरून कच्च्या विटा वाहत होती. बाप साच्यात माती थापत होता. मी त्याच्यापुढे उभा राहून सगळं सांगितलं, चूक माझी आहे, पोरगी पास आहे, तिला पाठवा. त्यानं हात थांबवले नाहीत. जागा हाय का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. माझ्याकडे ठेवतो म्हणालो, तर त्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परक्या पुरुषाच्या घरी कोण आपली पोर ठेवील?

मुलीनं विटा उतरवल्या, मातीचे हात झग्याला पुसले. रागावली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, “पंचावन्न खरे ना, सर? निकालात तसंच लिवलंय?”

“तसंच लिहिलंय.”

ती बापाकडे वळली. “बाबा, मी नापास न्हवती.”

बापानं मान हलवली आणि साचा उचलला. ती पुढच्या विटा आणायला गेली.