अबोलीचा वळेसार आणि रिकामा डबा

स्मिताने माझ्या टेबलावर केळीच्या पानाची पुडी ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, मी सीझन संपायच्या आधीच घरी जावं म्हणते."

पुडीत अबोलीचा वळेसार होता. वळेसार म्हणजे आमच्याकडचा गजरा. ताजा, ओलसर, देखणा. आणि पुडी आणणारीचा चेहरा असा, जणू आत विंचू असावा.

मी फोंडाघाटच्या एका काजू कारखान्यात प्रॉडक्शन बघते. स्मिता आमची क्वालिटीची मुलगी, कोल्हापूरची, घाट उतरून नोकरीला आलेली. भाऊ आधीपासून विरोधात होता. आता परत गेली असती तर पुन्हा घाट उतरू दिला नसता, हे तिने मला मागेच सांगितलं होतं. म्हणजे पणाला लागली होती तिची पहिली स्वतःची नोकरी, आणि तिला विंचू चावला होता फुलांचा.

"कोणी दिला?" मी विचारलं. तसं मला माहीत होतंच. अख्ख्या कारखान्याला माहीत होतं.

नितीन आमचा फिटर. गाव विजयदुर्ग, आठवडाभर इथे खोली घेऊन राहतो, सुट्टीला घरी जातो आणि सोमवारी आईच्या हातचा डबा घेऊन येतो. स्मिता नवी असताना त्याने एकदा तिला जेवताना पाहिलं. भात आणि लोणचं. पुढच्या सोमवारी तिच्यासाठी वेगळा डबा आला, सुक्या सुंगटांचं किसमूर, म्हणजे सुकी कोलंबी आणि ओलं खोबरं. मग शिंपल्यांतल्या तिसऱ्या. मग तांदळाच्या शेवयांसारखे शिरवाळे, नारळाच्या रसासकट. मध्येच तिच्या खोलीचा पंखा दुरुस्त झाला, पावसाळी बूट आणून दिले गेले, बाजारापर्यंत मोटरसायकलवरून लिफ्ट मिळाली.

सोलणीच्या बायकांनी तोवर लग्नाचा मेनूसुद्धा ठरवला होता. खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात एक भाजी सुचवली होती.

"तुला नितीन आवडतो का?" मी सरळ विचारलं. सगळे त्याच्या मनात काय आहे याचा शोध घेत होते. तिच्या मनात काय आहे हे कोणी विचारलंच नव्हतं.

"माणूस चांगलाय ओ. पण तसं काय नाय माझ्या मनात."

"मग नको म्हण."

"आणि ड्रायर बिघडला की कुणाकडं जाऊ?"

इथे थोडं समजावून सांगते. काजूची बी फोडून निघालेला गर ड्रायरमध्ये वाळवतात, म्हणजे वरची लाल साल सुटते. ओला राहिला तर साल निघत नाही, फार वाळला तर सोलताना तुकडे होतात आणि अख्ख्या गराचा भाव तुकड्याला मिळत नाही. गर किती ओला आहे ते मॉइश्चर मीटरवर तपासायचं काम स्मिताचं. आणि आमच्या ड्रायरचा पंखा हा कारखान्यातला सर्वांत लहरी प्राणी. त्याचा बेल्ट सरकला की नितीनला हाक मारायची. तो फुगला, उशिरा आला, तर माल बिघडणार आणि बोलणी स्मिता खाणार. गोड डबा असा अवघड असतो. घेताना हलका, नाकारताना जड.

मी तिला म्हटलं, जरा थांब, आधी सॅम्पल काढू.

काजूचा डबा तपासताना आम्ही वरचे चार गर बघून ग्रेड ठरवत नाही. वरून, मधून आणि तळातून उचलतो. मग मी नितीनच्या चांगुलपणाचं सॅम्पल काढलं. वॉचमनला तो रोज बसस्टँडपर्यंत सोडत होता. कॅन्टीनवालीचा मिक्सर त्याने फुकट दुरुस्त केला होता. माझ्या नवऱ्याच्या पंपाचा व्हॉल्व्हसुद्धा त्यानेच बदलला होता, आणि त्याला माझ्या नवऱ्यात रस असल्याची शंका कोणी घेतली नव्हती. सगळं चारचौघांत, कोपऱ्यात गाठून काही नाही. एकूण माल एकसारखा. फक्त वळेसार वेगळ्या ग्रेडचा. पंखा खोलीचा असतो, मासे कुणाच्याही ताटात जातात. केसांत माळायची वस्तू एकाच माणसासाठी असते.

"फुलं देताना काय म्हणाला?"

"आईनं दिलंय म्हणाला. आणि इकडं तिकडं बघत पळाला."

माझ्या डोक्यात घंटा वाजली. मी विचारलं, "तू डबा परत कसा करत होतीस?"

"भरून. घरमालकीण काकू म्हणाल्या, डबो रिकामो परत देव नको. मग कधी शेंगदाण्याची चटणी घातली, कधी तिळाची पोळी. मागच्या वेळी आईनं धाडलेले बेसनाचे लाडू घातले."

मी कपाळावर हात मारून घेतला. शेजारणीचं भांडं रिकामं देऊ नये, ही रीत आमच्याकडे आहेच. पण लग्नाच्या मुलाच्या आईकडे लग्नाच्या मुलीकडून दर आठवड्याला भरलेला डबा जातो, तेही चटणीपासून चढत चढत लाडवापर्यंत, तेव्हा ती माउली काय समजणार? ही बिचारी उपकार फेडत होती आणि तिकडे विजयदुर्गात होकार पोचत होता. होकाराला उत्तर म्हणून फुलं आली.

"पण नितीनच्या मनातही असेल तर?" स्मिता म्हणाली.

"असू दे. तुझं उत्तर बदलतं का?"

"नाय."

"मग ते उत्तर त्याला दे. भाऊ रागावेल, आत्ता लग्न करायचं नाही, अशी कारणं देऊ नकोस. कारण दिलं की समोरचा ते कारण दूर करायला धावतो. आणि ड्रायरची काळजी सोड. उद्यापासून बेल्टची तक्रार माझ्यामार्फत जाईल. तुझ्या होकार-नकारावर कारखाना चालत नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती ड्रायरपाशी गेली. मी शेजारच्या ट्रेमधले गर तपासत उभी राहिले. इतके मन लावून मी आयुष्यात गर तपासले नव्हते.

तिने घासून पुसून कोरडा केलेला डबा त्याच्यापुढे धरला. "तुमच्या आईंना सांगा, सगळं लई चवीचं होतं. पण यापुढं माझ्यासाठी काही आणू नका. फुलं तर नकोच. मला सोबत काम करायचंय, त्यापलीकडं काही नाय."

नितीनने डबा हातात घेतला. झाकण उघडून आत पाहिलं. त्याचे कान अबोलीसारखे झाले.

"रिकामो आसा," तो म्हणाला.

"व्हय."

मग त्याने इतका मोठा श्वास सोडला की ट्रेमधल्या साली उडाल्या. "बरा झाला गो बाय. आवस, म्हणजे आई माझी, दर सोमवारी माझो जीव खाय. लाडू इले त्या दिवशी तर भटजीक फोन करूक निघाली. मी सांगी, ता चेडू फक्त डबो परत करता. ऐकता कोण?"

"मग वळेसार कशाला आणलास रे?" मला राहवलं नाही.

"आवशीक नाय कसा सांगतलंय, मॅडम? तुम्ही सांगून बघा."

त्याच्या मनात थोडंही काही नव्हतं का? कान लाल झाले होते, हे मी पाहिलं. पण ते त्याचे कान, त्याच्यापाशी.

खरी परीक्षा पुढे होती. चांगुलपणा आहे की अपेक्षा, हे डबा येताना कळत नाही, नाही म्हटल्यावर कळतं. दोनच दिवसांत ड्रायरचा बेल्ट सरकला. स्मिताने मला सांगितलं, मी नितीनला हाक मारली. तो नेहमीसारखाच आला, नेहमीसारखाच पंख्याला शिव्या घालत. बेल्ट बसवला, स्मिताला म्हणाला, "मीटर लावून बघ," आणि गेला. तिने मीटर लावलं. गर बरोबर वाळत होता. ती माझ्याकडे बघून हसली आणि सीझन संपायच्या आधी जाण्याचं पुन्हा कधी बोलली नाही.

पुढच्या सोमवारी विजयदुर्गाहून मोठा डबा आला, सगळ्या सेक्शनसाठी. माउली शहाणी, तिने निरोप समजून घेतला होता. आम्ही सर्वांनी बोटं चाटून खाल्लं. स्मितानेही खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. मग डबा कोण भरणार म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

मी तो घासला, पुसला आणि रिकामा परत पाठवला. घरात नितीनच्या वयाची भाची आहे. उगाच जोखीम कशाला?