उद्यापासून पेपर

मास्तरकी केलेल्या माणसाजवळ किस्से आपोआप साठत जातात. तीस वर्षं मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवलं, आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी माझा फोन अजून वाजतो. मेसेज ठरलेला असतो. "सर नमस्कार. उद्यापासून पेपर."

बस, एवढंच! प्रश्न नाही, मागणी नाही. आमच्याकडची पोरं सरांना सरळ काही विचारत नाहीत, ते आगाऊपणाचं वाटतं त्यांना. नमस्कार करायचा आणि थांबायचं. पुढचं सरांनी ओळखायचं. ह्या दोन वाक्यांना उत्तर काय द्यायचं, यावर आमच्या स्टाफरूममध्ये जेवढे वाद झाले तेवढे पगारवाढीवरही झाले नसतील.

खेळाचे खरात सर उत्तर द्यायचे ते पानभर. पहाटे उठ, दूध पी, अवघड प्रश्न आधी पाहू नको, अक्षर मोठं काढ, आईबापाचं नाव राख, असे मुद्दे क्रमांक घालून. एकदा एका पोरानं तो मेसेज पूर्ण वाचला. तासाभरानं त्याचं उत्तर आलं.

"सर, हे बी उद्याच्याच पेपरले हाय काय?"

खरात सर तेव्हापासून दहा मुद्द्यांवर आले.

इंगळे मॅडमचं उलटं. त्या मराठी शिकवायच्या, पण लिहायचा कंटाळा! नमस्कार आला की सरळ फोन लावायच्या. "जेवला काय रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एकदा पलीकडून नुसतं "हाव मॅडम," आलं. मॅडमनी फोन ठेवला नाही. त्या थांबल्या. शेवटी पोरगं बोललं.

"मॅडम, आबानं हॉल तिकीट देवापुढं ठेवलं होतं. दिव्याचं तेल सांडलं. नंबरच दिसत नाही."

पोरगं दुपारपासून ते घेऊन बसलं होतं. आपली परीक्षा संपली असंच त्याला वाटत होतं. मॅडमनी त्याला आजोबांसोबत लगेच शाळेत बोलावलं. क्लार्कनं कॉम्प्युटरवरून पुन्हा प्रिंट काढली, हेडमास्तरांनी सही-शिक्का मारला आणि नियमाप्रमाणे वर लाल शाईनं लिहिलं, "द्वितीय प्रत". दहा मिनिटांचं काम. पण आजोबा त्या लाल अक्षरांकडे पाहतच राहिले.

"सर, पोट्टा पेपरले बसलाबी नाही, अन् तुम्ही त्याले दुसरा नंबर काऊन देऊन राह्यले?"

माझं म्हणाल तर मी फार हुशार होतो. माझं उत्तर तयार असायचं. एक अंगठा आणि "ऑल द बेस्ट". चाळीस पोरांना दहा मिनिटांत उत्तरं! मी खरात सरांना चिडवायचो, "सर, तुमचं पहिल्या पोराचं उत्तर लिहून व्हायच्या आत माझा वर्ग संपला."

अशाच एका वर्षीची सुजाताची गोष्ट आहे. हा किस्सा मी हसत सांगू शकत नाही, पण तो वगळून बाकीचे सांगणं खोटं होईल.

सुजाता आमच्या शाळेपासून आठ किलोमीटरवरच्या वस्तीतली. तिथून दहावीला ती एकटीच. गणितात चांगली. शाळेत यायची ती मुलींसाठीच्या निळ्या एसटीनं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला, "जय भीम सर. उद्यापासून पेपर." मी अंगठा पाठवला. ऑल द बेस्ट. संपलं.

तिला विचारायचं होतं गाडीचं. केंद्र आमच्या शाळेत नव्हतं, डोणगावला होतं. साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं, अकराला पेपर. निळी गाडी शाळेच्या वेळेवर यायची, शाळेपर्यंतच यायची. पुढचं कसं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मला नमस्कार केला होता, आणि तिच्या मते विचारून झालं होतं. ती दुसऱ्या गाडीनं केंद्रावर पोचली तेव्हा पेपर सुरू होऊन तास उलटला होता. आत घेतलं नाही.

ती घरी परतली आणि दुसऱ्या पेपरला गेलीच नाही. तिला वाटलं, पहिला गेला म्हणजे सगळीच गेली. खरं तर बाकीचे सगळे पेपर देता येतात, राहिलेला विषय जुलैत देता येतो. मला कळलं तेव्हा शेवटचा पेपरही होऊन गेला होता. मी तिच्या घरी गेलो. आईनं चहा दिला. सुजाता म्हणाली, "सर, जाऊ द्या. मी शिवणकाम शिकून राह्यली आता." जुलैचा फॉर्म मी सोबत नेला होता. तो तिनं घेतला, पण भरला नाही. मला फार लाज वाटली, अजूनही वाटते.

तेव्हापासून माझा अंगठा बंद. कोणीही नमस्कार करो, मी उलट चार प्रश्न विचारतो. हॉल तिकीट कुठं आहे? केंद्र कोणतं? कशानं जाणार? उद्या विषय कोणता? चारही उत्तरं आल्याशिवाय शुभेच्छा नाही! खरात सर म्हणायचे, "पोरगं बोर्डाच्या परीक्षेच्या आधी तुमच्याच परीक्षेत नापास होईन."

पण चौथ्या प्रश्नानं एकदा कमाल केली. एका पोरानं उत्तर दिलं, "इंग्रजी." मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पहिला पेपर मराठीचा! फोन लावला, तर पठ्ठ्यानं कुणीतरी पाठवलेलं बारावीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं होतं, आणि आठ दिवसांपासून इंग्रजी घोकत होता. मी म्हटलं, शाळेनं दिलेलं छापील वेळापत्रक काढ. कागद उलगडल्याचा आवाज आला.

"सर, मराठी उद्याच हाय."

"हो. मग आता?"

"बरं झालं ना सर! ते तं मले येते!"

तो पास झाला. इंग्रजीत त्याला मराठीपेक्षा जास्त मार्क पडले!

तर ह्या वर्षीचं सांगतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, अनोळखी नंबरवरून मेसेज आला.

"जय भीम सर. उद्यापासून पेपर."

मी सवयीनं लिहिलं, "जय भीम. नाव सांग. आणि हॉल तिकीट कुठं आहे?"

फोटो आला. पारदर्शक पाऊच, त्यात हॉल तिकीट, दोन पेन, पट्टी. मी फोटो मोठा करून नाव वाचलं. सुजाता. सहा वर्षांनी.

बोटांनी सवयीनं पुढचा प्रश्न लिहिला. केंद्र?

"डोणगाव. आज जाऊन बैठक पाहून आली. दुसऱ्या मजल्यावर हाय नंबर."

कशानं जाणार?

"स्कूटी घेतली सर, शिवणाच्या पैशातून. पेट्रोल भरून ठेवलं. नऊले निघीन."

उद्या विषय कोणता?

"मराठी."

चारही उत्तरं बरोबर होती. आता शुभेच्छा द्यायची पाळी माझी. मी चार ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. त्या वर्षीबद्दल काहीतरी लिहायचं होतं आणि ते जमत नव्हतं. तिला स्क्रीनवर दिसत असणार, सर टाइप करत आहेत, सर टाइप करत आहेत. तिचाच मेसेज आला.

"सर, तवा तुम्ही अंगठा पाठवला होता. तोच पाठवा. या वेळी तेवढा पुरते मले."