गेरू नसलेला ठसा

रंगमावशीला तुरटीच्या लगद्यात गेरू घालायला सांगायचं म्हणजे सुगरणीला मीठ मोजून दाखवायचं. तिला ते आवडत नसे. तुरटीचं पाणी डिंकात कालवून कापडावर ठसा मारला की पुढे रंगाच्या भांड्यात तेवढीच जागा रंग धरते, पण तोवर वाळल्यावर काही दिसत नाही. म्हणून बाकीचे छपाईवाले त्यात चिमूटभर गेरू टाकतात, म्हणजे कुठे छापलं ते कळतं आणि धुताना तो निघूनही जातो. मावशी म्हणायची, आंधळ्याला काठी हवी, मला कशाला? चाळीस वर्षं तिचा हात चुकला नव्हता, त्यामुळे जिभेलाही धार होती.

या वेळी काम साधं होतं. बालवाडीच्या बाईंना मुलांच्या वाढदिवसाची खोली सजवायला चाळीस त्रिकोणी पताका हव्या होत्या, एकेकीवर एकच फूल. मावशीने सुती कापड सोड्यात उकळून खळ काढली, हरड्याच्या पाण्यात बुडवलं, उन्हात वाळवलं आणि कापून ठेवलं. गुरुवारी पताका दोरीवर पिवळट लटकलेल्या दिसल्या. तिने त्या उतरवल्या, वाटीभर लगदा केला आणि दुपारपर्यंत चाळीसही छापून टाकल्या. मग ठसा धुवायला वाकली, तर मेजाखाली दुसरी वाटी दिसली. तळाला डिंक वाळून कडक झालेला होता.

मावशी तिथेच खाली बसली. मागच्या कामाची असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मागचं काम झाल्यावर तिनेच सगळ्या वाट्या घासून पालथ्या घातल्या होत्या. ही वाटी मग कुणाची?

या पताका आपण आधीच एकदा छापल्या होत्या की काय? तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ पडलं, तेव्हा घरातले सगळे हसले. दोन वर्षांनी त्याच आईने हिला दारात उभी पाहून विचारलं होतं, तुम्ही कोण? तेव्हा कुणी हसलं नाही.

सुनेला विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. एक पताका छोट्या भांड्यात रंगवून पाहिली असती तरी चाललं असतं. मावशीने दोन्ही केलं नाही. शुक्रवारभर ती वाळणाऱ्या पताकांकडे पाठ करून बसली, आणि सुनेने चहा आणला तेव्हा आज वार कोणता हे मनातल्या मनात दोनदा म्हणून घेतलं. भीती अशी की झोपेतही तिला ती वाटी दिसली.

शनिवारी सकाळी तिने पताका भरपूर पाण्यात खळबळून जास्तीची तुरटी आणि डिंक काढला. तांब्याच्या भांड्यात, कारण लोखंडाने रंग काळवंडतो, लाल रंगासाठी मंजिष्ठेची पूड घातली. फुलाबाहेरची जागा फार लाल होऊ नये म्हणून धायटीची फुलं टाकली. मग पताका सोडल्या आणि मंद आचेवर काठीने ढवळू लागली. खळखळून उकळू द्यायचं नाही, नाहीतर लाल तपकिरी होतो. हे सगळं तिला पाठ होतं. त्याचा मात्र आज काही आधार वाटेना.

पाणी तापत गेलं तशी फुलं उमटू लागली. मावशीने काठीने एक पताका उचलली. लाल फुलाला लागूनच दुसरं फूल होतं, बोटभर सरकलेलं. जिथे दोन्ही एकमेकांवर आली होती तिथे लाल जास्त गडद होता. दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळीकडे दोन-दोन फुलं.

सून मागून आली. "आई, किती छान! जुळी फुलं. मुद्दाम केलीत?"

हो म्हणणं सोपं होतं. बाईही खूश झाल्या असत्या, नवा नमुना म्हणून कौतुकच झालं असतं. मावशीच्या ओठावर ते आलंसुद्धा. पण पुढच्या खेपेला काय करणार होती ती?

"नाही गं. दोनदा छापल्या. पहिल्यांदा कधी छापल्या, ते मला आठवत नाही."

"सोमवारी तुम्हीच छापल्या," सून हळू म्हणाली, "बुधवारी मी धुऊन दोरीवर टाकल्या, तुम्हाला मदत म्हणून." मग तिला सासूचा चेहरा दिसला. भांड्याखालची लाकडं तिने न सांगता मागे ओढली.

पताका धुऊन दोरीवर गेल्या. मग मावशी म्हणाली, "फळीवर गेरूचा डबा आहे. काढ."

सुनेने काढला. मावशीने तुरटीच्या लगद्यात चिमूटभर टाकला आणि चिंधीवर ठसा मारून पाहिला. तांबूस फूल लगेच दिसलं. मावशी त्याच्याकडे बराच वेळ बघत होती.

"उद्या मी तुला विचारलं, तुम्ही कोण, तर रागावू नकोस," ती म्हणाली.

"रागावेन," सून म्हणाली. "आणि मग सांगेन, कोण ते. रोज सांगेन."

मावशीने डबा बंद केला. तो परत फळीवर ठेवला नाही, मेजावरच ठशाशेजारी ठेवला.